मोड आले, पण रोप येईल का? सोयाबीनच्या बियाण्यावर आमच्या पॉडकास्टचा नवा भाग

रोजच्या शेतीतल्या अडचणींवरच्या आमच्या पॉडकास्टचा नवा भाग आता ऐकायला आला आहे. विषय एकच आहे: घरात ठेवलेलं सोयाबीन पेरण्याजोगं आहे की नाही, हे पेरणीआधी कसं ओळखायचं? भाग अर्ध्या तासाचा आहे. त्यात औसा तालुक्यातलं एक शेतकरी जोडपं आहे, बीज परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक अधिकारी आहेत आणि भिजवलेलं गोणपाट आहे. हा लेख त्या भागाची ओळख करून देतो. मात्र ज्यांना ऐकायला जमणार नाही त्यांनाही घरी चाचणी करता यावी, इतका तपशील इथे दिला आहे.

हाच प्रश्न का निवडला

२०२० सालच्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. प्रकरण इतकं वाढलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी बरीच चर्चा बोगस बियाण्याची झाली. पण त्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते आधीच्या हंगामात घडून गेलं होतं. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. शेंगा झाडावरच भिजल्या, सुकल्या आणि पुन्हा भिजल्या. बाहेरून दाणा पिवळाधमक दिसत होता, पण आतला अंकुर तेव्हाच थकलेला होता.

हे सोयाबीनमध्येच इतकं का होतं, याचं उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. सोयाबीनची साल फार पातळ असते आणि ज्या अंकुरातून मूळ फुटायचं तो सालीच्या अगदी लगत, दाण्याच्या कडेला बसलेला असतो. हरभऱ्याला किंवा तुरीला जो मार सहज सोसतो, तो सोयाबीनच्या मर्मावर बसतो. शिवाय दाण्यात सुमारे २० टक्के तेल असतं. ऊब आणि दमटपणा मिळाला की तेलबिया साठवणीत लवकर जुन्या होतात. म्हणून एका वर्षापलीकडे ठेवलेल्या सोयाबीनवर जाणता शेतकरी विसंबत नाही.

तरीही घरचं बियाणं वापरू नये, असं कोणी म्हणत नाही. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक आहे. त्याचं वाण संकरित नसल्यामुळे एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्याचं उत्पन्न पुढची दोन-तीन वर्षं बियाणं म्हणून राखता येतं. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. अट एकच: ते उगवतं की नाही, हे मृगाच्या आधी कळायला हवं. जूनच्या शेवटी शेतात तास रिकामे दिसल्यावर कळलं, तर बियाणं, खत आणि ओल तिन्ही गेलेलं असतं. उरते ती दुबार पेरणी.

भागातले काही संवाद

> “काकू, ब्याऐंशीला मोड आलेत म्हणता. पण त्यातली रोपं किती होतील?”

> “तीनही पोत्यांतलं एकत्र करून तपासलंत ना, तिथंच घोटाळा झाला बघा, काका.”

> “साहेब, आमच्या मळणीयंत्रावर आकडा कुठं लिहिलेला असतो? डायवर म्हणतो, जोरात फिरवलं तर लवकर होतं.”

> “पाऊस पडला की पेरायचं, एवढंच ठाऊक होतं. पाऊस किती पडला हे मोजायचं कुणी सांगितलंच नव्हतं.”

ही वाक्यं कुठून आली आणि पुढे काय झालं, ते आता क्रमाने पाहू.

शंभर दाणे आणि गोणपाट

चाचणीला लागतं ते घरात असतंच: स्वच्छ गोणपाटाचे तुकडे, पाणी आणि सुतळी. पहिलं काम नमुना घेण्याचं. पोत्याच्या तोंडाशी हात घालून वरची मूठ घेतली, तर तो नमुना नव्हे. वरून, मधून आणि तळातून दाणे काढायचे, ते एकत्र मिसळायचे आणि त्यातून न निवडता शंभर मोजायचे. इथे हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. तो मोह टाळायचा. पेरताना तिफण काही दाणे निवडत नाही.

गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्या. पाणी गळता कामा नये. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा. दोन दाण्यांमध्ये बोटभर अंतर असावं, म्हणजे एकाची बुरशी दुसऱ्याला लागत नाही. वरून दुसरा ओला तुकडा टाका, सैलसर गुंडाळी करा, सुतळीने बांधा आणि सावलीत ठेवा. दिवसातून एक-दोनदा पाण्याचा शिपका पुरतो. बादलीत बुडवून ठेवलेली गुंडाळी कुजते, कारण उगवणाऱ्या दाण्याला पाण्याइतकीच हवा लागते. मराठवाड्यातला मे महिना लक्षात घेऊन भागात आणखी एक सूचना आहे. पत्र्याच्या खोलीत गुंडाळी ठेवू नका. माठाच्या शेजारी, घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात ठेवा. नाहीतर चांगलं बियाणंही उष्णतेने जाईल आणि तुम्ही दोष बियाण्याला द्याल.

असे शंभर-शंभर दाण्यांचे तीन संच करायचे. एका संचावर का भागत नाही? बियाण्याची खरी उगवण ७० टक्के असली, तरी एका शंभरात कधी ६२ येतील, कधी ७७. तो निव्वळ योगायोगाचा खेळ असतो. तीन संचांची सरासरी काढली की तो फरक बराच ताळ्यावर येतो.

चौथ्या दिवशी डोकावायला हरकत नाही, पण मोजणी सातव्या दिवशी करायची.

काय मोजायचं आणि काय सोडायचं

भागाचा सगळ्यांत मोलाचा वाटा इथे आहे. औशाच्या काकूंनी गुंडाळी सोडली आणि ८२ मोड मोजले. आनंद झाला. निवृत्त अधिकारी शेजारी बसले आणि एकेक मोड उचलून दाखवू लागले. मोजणी ६५वर आली.

मधले सतरा कुठे गेले? काहींना पांढरं टोक फुटलं होतं, पण ते तिथेच तपकिरी पडून थांबलं होतं. काहींचं मूळ चांगलं होतं, पण मुळाच्या वरची दांडी आडवी चिरलेली किंवा पिळवटलेली होती. काहींच्या दोन दालींपैकी एक गळून पडली होती, तर काही दालींवर मऊ काळे डाग होते. हे सगळे गोणपाटात ‘उगवले’ होते. शेतात त्यातलं एकही वर येण्याची आशा धरता येत नाही.

कारण सोयाबीन जमिनीतून कसं वर येतं, ते पाहायला हवं. हरभऱ्याची दाल मातीतच राहते आणि फक्त कोंब वर येतो. सोयाबीनचं तसं नाही. त्याची दांडी आधी वाकते, वाकलेल्या पाठीने माती फोडते आणि मग दोन्ही जाड दाली ओढून जमिनीवर आणते. एवढं ओझं उचलणारी दांडी चिरलेली असेल, तर ती मातीच्या थराखालीच मोडते. पहिले काही दिवस रोपाची शिदोरीही त्या दालीच असतात. म्हणून मोजणीचा नियम सोपा आहे: मूळ लांब आणि पांढरं, दांडी अखंड, दोन्ही दाली जागेवर आणि निरोगी. या तिन्ही गोष्टी असतील तरच मोजायचं. बाकीचं बाजूला ठेवायचं, मोड कितीही लांब असला तरी.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण ७० टक्के ठरवलेली आहे, ती अशाच निरोगी रोपांवर. घरी मोड मोजायचे आणि त्यांची तुलना त्या ७०शी करायची, तर माप चुकतं.

७०चा आकडा आणि ३० किलो

एकरी ३० किलो बियाणं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते ३०च का? भागात हा हिशेब फळ्यावर मांडल्यासारखा उलगडला आहे. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एकरात साधारण १ लाख ८० हजार रोपं बसतात. मध्यम दाण्याच्या वाणात शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे ३० किलोत अडीच लाख दाणे. त्यातले ७० टक्के उगवले की पावणेदोन लाख रोपं झाली. थोडक्यात, एकरी ३० किलोच्या शिफारशीत ७० टक्के उगवण आधीच धरलेली आहे.

त्यामुळे उगवण ७०च्या खाली गेली की बियाणं वाढवावं लागतं. ढोबळ नियम असा, की कमी पडणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो जास्त घ्यायचं. ६५ टक्क्यांना साडेबत्तीस किलो, ६० टक्क्यांना पस्तीस. ६०च्या खाली मात्र हा हिशेब थांबवायचा. बियाणं वाढवून आकडा भरतो, पण उरलेले दाणेही दुबळेच असतात. त्यांची रोपं उशिरा आणि मागेपुढे उगवतात, आणि पहिल्याच ताणात माना टाकतात. असं सोयाबीन बाजारात धान्य म्हणून गेलेलं बरं.

यातूनच एक ताकीदही येते. बीजप्रक्रिया चाचणीनंतरच करा. बुरशीनाशक चोळलेलं बियाणं पेरता आलं नाही, तर ते विकताही येत नाही आणि जनावरांनाही घालता येत नाही.

तीन पोत्यांची गोष्ट

औशाच्या काकांकडे तीन एकरांसाठी तीस-तीस किलोची तीन पोती होती. वाण जेएस ३३५, मागच्या हंगामातलं, एकाच शेतातलं. तिन्ही पोत्यांतले दाणे एकत्र करून केलेल्या चाचणीत ६५ आले. म्हणजे तीन एकरांना साडेसत्त्याण्णव किलो लागणार आणि घरात नव्वदच. काका म्हणाले, “साताठ किलो शेजाऱ्याकडून घेऊ, भागेल.”

अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवलं. पोती वेगवेगळी तपासू या, म्हणाले. आठवड्याने निकाल आला: पहिलं पोतं ७५, दुसरं ७३, तिसरं ४७. तिघांची सरासरी ६५च होती, पण त्या ६५मध्ये दोन चांगली पोती होती आणि एक वाया गेलेलं. सगळं मिसळून पेरलं असतं, तर चांगल्या बियाण्यातही तूट पडली असती आणि दोष कोणाचा, हे कधी कळलं नसतं.

मग चौकशी सुरू झाली. तिन्ही पोती एकाच मळणीची असल्यामुळे मळणीयंत्रावरचा संशय मागे पडला. प्रश्न साठवणीचा उरला. दोन पोती लाकडी फळीवर होती. तिसरं थेट फरशीवर आणि पाठीमागच्या भिंतीला टेकून होतं. त्याच भिंतीला पलीकडून न्हाणीघर लागून होतं. दाणा हातात घेतल्यावर ओला वाटत नव्हता, पण भिंतीकडच्या बाजूला नाकाला कुबट वास येत होता. सोयाबीन हवेतली आणि भिंतीतली ओल हळूहळू शोषून घेतं. बियाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत असायला हवा. तो वाढला की बुरशीला वाट मिळते आणि अंकुराची ताकद आतल्या आत खर्च होते.

निर्णय सोपा झाला. पहिली दोन पोती दोन एकरांना एकरी तीस किलोने पुरली. तिसरं बाजारात गेलं. तिसऱ्या एकरासाठी पिशवी विकत आणली, आणि तिच्यातलेही शंभर दाणे काढून गोणपाटात ठेवले. विकतच्या पिशवीचं तोंड उघडताना ती खालच्या बाजूने उघडावी, म्हणजे लेबल आणि शिवण शाबूत राहते. पावती, लेबल आणि थोडं बियाणं हंगामभर जपायचं. उगवलं नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करताना आणि पंचनाम्याच्या वेळी हाच पुरावा लागतो.

मळणीचा मार कसा ओळखायचा

सगळ्याच घरांत दोष भिंतीचा नसतो. तिन्ही पोती सारखीच कमी निघाली असती, तर बोट मळणीकडे गेलं असतं. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० एवढेच ठेवावेत, अशी शिफारस आहे. धान्याची मळणी याहून वेगात उरकली जाते, कारण तासावर भाडं असतं आणि दुसऱ्याचं शेत वाट पाहत असतं. दाणा फार वाळलेला असेल तर तो वेगात तडकतो, आणि ओलसर असेल तर आतून चेचला जातो. चेचलेला दाणा बाहेरून कळत नाही.

त्यासाठी भागात एक पाच-दहा मिनिटांची परीक्षा सांगितली आहे. शंभर दाणे वाटीत पाण्यात टाका. ज्यांची साल तडकली आहे, ते काही मिनिटांतच फुगून सुरकुततात. अखंड सालीचे दाणे तेवढ्यात फारसे बदलत नाहीत. फुगलेल्यांची संख्या बरीच असेल, तर मळणीत किंवा पोती आपटण्यात मार बसला आहे, असं समजावं. ही परीक्षा उगवणीची जागा घेत नाही. ती फक्त कारण सांगते, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये मळणीवाल्याशी काय बोलायचं, तेही. आणि हो, पेरायचं बियाणं मात्र कधीही पाण्यात भिजवू नका.

गोणपाटाला जे कळत नाही

निवृत्त अधिकाऱ्यांनी शेवटच्या दहा मिनिटांत आपल्याच चाचणीची मर्यादा स्पष्ट सांगितली आहे. गोणपाटात दाण्याला सगळं हवं तसं मिळतं. शेतात तसं नसतं. ७५ टक्क्यांचं बियाणंही शेतात ५० टक्के उगवू शकतं, आणि त्याची मुख्य कारणं दोन आहेत.

पहिलं ओल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा पाहून पेरावं, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. सोयाबीनच्या दाण्याला उगवायला आपल्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी शोषावं लागतं. एका सरीवर पेरलं आणि पुढे उघडीप पडली, तर दाणा अर्धवट फुगतो आणि तिथेच मरतो. पुन्हा पाऊस आला तरी तो उगवत नाही. गावात पाऊस किती पडला, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा अंगणात सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं भांडं ठेवून त्यातलं पाणी पट्टीने मोजलं, तरी काम भागतं. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे शंभर मिलिमीटर.

दुसरं खोली. दाणा तीन-चार सेंटिमीटरवर पडायला हवा. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने भुसभुशीत रानात तो सहज सहा-सात सेंटिमीटरवर जातो. त्यावर जोराचा पाऊस होऊन काळ्या मातीचा थर आवळला, की वाकलेली दांडी तो थर फोडू शकत नाही. पेरणी सुरू झाल्यावर पहिल्या तासात चार ठिकाणी बोटाने माती उकरून दाणा किती खोल आहे, ते पाहायचं. भागात काका नेमकं हेच करतात आणि ट्रॅक्टरवाल्याला यंत्र वर घ्यायला लावतात. तिथला संवाद लिहून सांगण्यापेक्षा ऐकण्याजोगा आहे.

कसं ऐकायचं

तुम्ही जिथे एरवी पॉडकास्ट ऐकता, तिथे हा भाग मिळेल. आमची एक विनंती आहे. ऐकायला बसताना पोत्यातलं मूठ-दोन मूठ सोयाबीन, गोणपाटाचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. भागाचा पूर्वार्ध आम्ही मुद्दाम संथ ठेवला आहे. काकू दाणे मांडतात त्याच वेगाने तुम्हालाही मांडता येतील, आणि भाग संपेपर्यंत तुमची पहिली गुंडाळी बांधून तयार असेल. मोजणीचा भाग सातव्या दिवशी पुन्हा लावा. कोणतं रोप धरायचं आणि कोणतं सोडायचं, हे अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकत मोजलं की हात चुकत नाही.

दर पोत्यासाठी वेगळी गुंडाळी करा आणि सुतळीला पोत्याच्या नंबराची चिठ्ठी बांधा. घरात कोणाला फोनवर ऐकायचं जमत नसेल, तर पारावर किंवा दूध डेअरीवर मोठ्या आवाजात लावा. चाचणीला सात दिवस लागतात, आणि निकाल वाईट आला तर दुसरं बियाणं मिळवायला आणखी आठवडा जातो. म्हणून मे संपायच्या आत ऐका. मृगाचे ढग आल्यावर हा भाग ऐकून फारसा उपयोग नाही.